चादरी किती हव्यात आणि टॉवेल जातात कुठे
छोट्या हॉटेलांसाठी आमच्या लॉन्ड्रीचे माहितीपत्रक

आमच्या ग्राहकांपैकी बहुतेकांची हॉटेलं पंधरा ते तीस खोल्यांची आहेत. त्यांचे फोन येतात ते बहुधा सोमवारी दुपारी आणि प्रश्न एकच असतो: "टेम्पो कुठवर आला? चेक-इन थांबलंय." त्या दिवशी टेम्पोला उशीर झालेला असतोच असं नाही. मुळात चादरीच कमी घेतलेल्या असतात आणि ते फक्त सोमवारी कळतं.

सगळ्या खोल्यांना एकदा पुरेल एवढ्या लिननला धंद्यात 'एक पार' म्हणतात. समजा, तुमच्याकडे २४ डबल बेडच्या खोल्या आहेत. मग एक पार म्हणजे २४ चादरी, ४८ अभ्रे आणि ४८ टॉवेल. "तीन पार ठेवा" हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो लॉन्ड्री हॉटेलातच असेल तर ठीक आहे. माल बाहेर जात असेल, तर किती पार हवेत हे टेम्पोचं वेळापत्रक ठरवतं.

आमचं नेहमीचं वेळापत्रक असं आहे: दुपारी २ वाजता मळका माल उचलायचा आणि तिसऱ्या दिवशी दुपारी २ वाजता धुऊन आणून द्यायचा. सोमवारचा माल बुधवारी येतो. रविवारी लॉन्ड्री बंद असते.

आता रोज सरासरी १८ खोल्यांच्या चादरी बदलतात असं धरा. बुधवारी दुपारी १ वाजता, टेम्पो यायच्या आधी, चादरी कुठे कुठे असतील? रिकाम्या खोल्याही लावून ठेवलेल्या असतात, म्हणून २४ बेडवर. सकाळी काढलेल्या १८ गाठोड्यात. मंगळवारच्या १८ आणि सोमवारच्या १८ आमच्याकडे. एकूण ७८. तुमच्याकडे चार पार, म्हणजे ९६ चादरी असतील, तर १८ कपाटात शिल्लक राहतात आणि सगळं सुरळीत वाटतं.

हाच हिशेब सोमवारी १ वाजता मांडा. शुक्रवारचा माल रविवारी यायचा, तो सुट्टीमुळे अजून वाटेत आहे. शनिवारचा आमच्याकडे आहे, रविवारचा तुमच्याकडेच पडलेला आहे आणि सोमवारचा आत्ताच निघालाय. म्हणजे चार दिवसांच्या मिळून ७२ आणि बेडवरच्या २४. बेरीज बरोबर ९६. कपाट रिकामं. शनिवारी हॉटेल फुल्ल गेलं असेल, तर त्या एका दिवसापोटीच ६ चादरी कमी पडतात. अंधेरी सबवेत पाणी भरलं आणि टेम्पो मंगळवारी आला, तर १८ कमी पडतात.

म्हणून या वेळापत्रकाला आम्ही चादरी, अभ्रे आणि टॉवेलचे पाच पार सुचवतो. वरच्या उदाहरणात १२० चादरी होतात. दुसरा मार्ग दुसऱ्या दिवशी माल परत मिळण्याचा. त्यात सोमवारचा आकडा ९६ वरून ७८ वर येतो आणि चार पारात भागतं, पण नगामागे दर जास्त पडतो. तो दर आम्हाला मिळतो, तरीही सांगतो: ठेवायला कोरडी जागा असेल तर २४ चादरी एकदाच विकत घ्या. मुंबईत जागेचीच बोंब असल्यामुळे काहींना दुसरा मार्ग धरावा लागतो, ते समजण्यासारखं आहे. ब्लँकेट आणि मॅट्रेस प्रोटेक्टर रोज धुवायचे नसतात. त्यांचा सव्वा ते दीड पार पुरतो.

पावसाळ्यात एक गोष्ट पाळा. ओले टॉवेल चादरींबरोबर एका गाठोड्यात बांधू नका. शनिवारी रात्री बांधलेलं गाठोडं सोमवारपर्यंत दमट राहिलं, की आधी कुबट वास येतो आणि मग बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते काढायला जोरकस ब्लीच लागतं आणि त्यानं सुती धागा कमजोर होतो. टॉवेल दांडीवर पसरून ठेवा, टेम्पो आला की मगच भरा. हळदीचा डाग साबणाच्या पाण्यात लाल होतो, ते पाहून घाबरू नका, तो बहुधा जातो. मेंदी मात्र कापसाला रंगासारखीच धरते. लग्नसराईत अशा चादरी वेगळ्या बांधून द्या आणि त्यातल्या काही बाद होणार हे धरूनच चाला.

आता हरवणाऱ्या मालाबद्दल. पाहुणा टॉवेल घेऊन गेला, हा निष्कर्ष सगळ्यात आधी निघतो. तो काढण्याआधी तीन महिन्यांचा हिशेब मांडा. समजा, १ एप्रिलला २४० टॉवेल होते, मेमध्ये २४ नवे आले आणि १७ बाद केले. ३० जूनला २४७ असायला हवेत. खोल्या, मजल्यावरची ट्रॉली, कपाट आणि शेवटच्या चलानांवर आमच्याकडे असलेला माल, असं चारही ठिकाणी एकाच दिवशी मोजलं आणि २३१ भरले. १६ कमी. जुन्या चलानांवर ७ 'शॉर्ट' लिहिलेले सापडले, ते आमच्या खात्यावर. ३ पाहुण्यांच्या बिलात लावलेले आहेत. उरले ६. टपकणाऱ्या एसीखाली, मोरीच्या कोपऱ्यात आणि लादी पुसायच्या बादलीत बघा. बरेचसे तिथेच निघतात.

ते तिथे जाऊ नयेत म्हणून बाद टॉवेल कापून, गडद रंगात बुडवून फडकी करा आणि ती मुबलक द्या. रूम बॉयच्या हाताशी फडकं नसलं की तो पांढरा टॉवेल उचलणारच. मजल्यावर धुतलेला माल एकास एक द्या: जितके मळके खाली आले तितकेच वर जातील. एखादा कमी आला तर कोणत्या खोलीतला, हे त्याच दिवशी आठवतं. प्रत्येक नगाच्या कडेवर हॉटेलची खूण आणि खरेदीचा महिना-वर्ष न जाणाऱ्या शाईनं लिहा. आमच्याकडे एकाच मशीनमध्ये दोन हॉटेलांचा माल जात नाही, तरी घडी घालताना गल्लत होऊ शकते आणि बिनखुणेचा पांढरा टॉवेल कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार रीवॉशचा. डाग राहिलेली चादर "परत धुवा" म्हणून पोऱ्याच्या हातात तशीच दिली जाते, चलानावर चढत नाही. दोन दिवसांनी ती परत येते आणि मोजणीत एक नग जास्त भरतो. त्याच खेपेत दुसरी एक चादर खरोखर कमी आली असेल, तर आकडे जुळतात आणि ती कायमची गेली. रीवॉशसाठी आम्ही वेगळं पिवळं चलान देतो. त्यावर बिल लागत नाही, पण नग चढतो. ते आवर्जून वापरा.

गाठोडं बांधण्याआधी मळका माल आमच्या माणसासमोर मोजा आणि दोघांच्या सह्या करा. धुतलेला माल आल्या आल्या मोजून घ्या. गर्दीत शक्य नसेल तर गाठोडं न सोडता ठेवा आणि संध्याकाळी मोजा. शॉर्ट असेल ते दुसऱ्या दिवशीच्या चलानावर लिहून द्या. तो नग सात दिवसांत सापडला नाही, तर खरेदीचा महिना बघून त्याची घसाऱ्यानंतरची किंमत आम्ही पुढच्या बिलातून वजा करतो.