लांब व्हिडिओंतून उभ्या क्लिप तयार करणे

मुलाखत, व्याख्यान किंवा प्रात्यक्षिक यांच्या लांब, आडव्या चित्रीकरणातून मोबाइलवर पाहण्याजोग्या छोट्या, उभ्या क्लिप काढण्याची ही संकलनपद्धती आहे. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी इन्स्टाग्राम रील्स व यूट्यूब शॉर्ट्स सुरू झाले; त्यानंतर मराठी मुलाखतींचे आणि शेतीविषयक व्हिडिओंचे निर्मातेही या पद्धतीकडे वळले. शॉर्ट्सची मर्यादा सुरुवातीला ६० सेकंदांची होती, ती ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली. या पद्धतीची खरी कसोटी मुलाखतीत लागते. तिथे प्रत्येक उत्तर आधीच्या बोलण्यावर उभे असते, आणि ते तसेच कापून काढले तर मूळ व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला ते उरलेसुरले वाटते.

नाशिक भागातील द्राक्षबागायतदाराशी झालेली पाऊण तासाची मुलाखत उदाहरणादाखल घेता येईल. सतराव्या मिनिटाला मुलाखतकार विचारतो, “मग त्याचा परिणाम काय होतो?” बागायतदार सांगतो, “हां, तर मघाशी बोललो ना, त्या दिवसांत ऊन मिळालं नाही की पुढं घडच दिसत नाहीत. काडी दिसायला जाड, पण आत काही नाही.” उत्तर मोलाचे आहे, परंतु ‘त्याचा’, ‘मघाशी’ आणि ‘त्या दिवसांत’ या शब्दांचे संदर्भ मागे राहिले आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पहिल्या दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, तिला भरपूर प्रकाश लागतो आणि हे घड ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर दिसतात, हे त्याने नवव्या मिनिटाला सांगितलेले असते.

अशा वेळी संकलकाने क्लिपची रचना नव्याने करावी लागते. सुरुवात “काडी दिसायला जाड, पण आत काही नाही” या वाक्याने करावी आणि पडद्यावर “ऑक्टोबर छाटणीनंतर घड का कमी निघतात?” असा पूर्ण प्रश्न लिहावा. पुढे नवव्या मिनिटातील स्पष्टीकरण जोडून सतराव्या मिनिटातील उरलेल्या उत्तरावर क्लिप थांबवावी. अभिवादन, परिचय आणि ‘हां, तर’सारखे शब्द गळतात, मात्र वक्त्याने घातलेली अट गळू देता येत नाही. तो केवळ एका वाणाविषयी किंवा ढगाळ हंगामाविषयी बोलत असेल, तर ते क्लिपमध्ये आलेच पाहिजे. अन्यथा वाक्ये त्याचीच राहून सल्ला मात्र बदलतो, आणि शेतीच्या बाबतीत त्याची किंमत बागेला मोजावी लागते. वाक्यांचा क्रम बदलला असल्यास अंतिम क्लिप वक्त्याला दाखवून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

दुसरा प्रश्न चौकटीचा आहे. १९२० × १०८० पिक्सेलच्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीची, ९:१६ प्रमाणातील उभी चौकट कापली तर रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल मिळते. ती १०८० × १९२० च्या उभ्या व्हिडिओसाठी १०८० पर्यंत ताणल्यावर चेहरा मऊ, धुरकट दिसतो. ३८४० × २१६० मध्ये चित्रीकरण केले असल्यास तीच चौकट १२१५ पिक्सेल रुंद निघते आणि ताणण्याची गरज उरत नाही. दोघे समोरासमोर बसलेले असतील तर एकाला वर आणि दुसऱ्याला खाली ठेवणे अधिक बरे. आडव्या चित्राच्या अर्ध्या रुंदीतून, म्हणजे ९६० पिक्सेलमधून, कापलेला भाग १०८० × ९६० च्या खणात बसवताना फक्त आठव्या हिश्शाने वाढवावा लागतो. आडवे चित्र मध्ये ठेवून वर-खाली त्याचीच धूसर प्रत भरण्याची पद्धत सोपी आहे, पण तीत माणूस लहान होतो आणि क्लिप मूळची दुसऱ्या जागेसाठी होती हे लगेच उघड होते.

पडद्याचा खालचा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांनी व मजकुराने झाकली जाते, म्हणून उपशीर्षके मध्याच्या थोडी खाली ठेवतात. देवनागरीत रफार आणि वेलांट्या वर, तर उकार खाली येत असल्याने दोन ओळींत पुरेसे अंतर लागते. एका ओळीत तीन-चार शब्द पुरतात. ‘छाटणी’ एका ओळीत आणि ‘नंतर’ पुढच्या ओळीत असे तोडल्यास वाचन अडखळते. पार्श्वसंगीत मूळ व्हिडिओतच मिसळलेले असेल, तर प्रत्येक कापाजवळ सूर उडी मारतो आणि सांधा ऐकू येतो. त्यामुळे आवाजाचे मूळ, वेगळे ट्रॅक जपून ठेवावे लागतात.

क्लिप जमली की नाही, हे मूळ मुलाखत न पाहिलेल्या व्यक्तीला ती एकदा दाखवून कळते. “कोणती छाटणी?” असा प्रश्न आला, तर संदर्भ अजून बाहेरच राहिला आहे. प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात पहिल्या काही सेकंदांत मोठी घसरण दिसली तर सुरुवात तपासावी. मध्येच एका ठिकाणी घसरण असेल, तर बहुधा तिथला सांधा किंवा लांबलेले स्पष्टीकरण कारण असते. काही भाग या रूपात बसतच नाहीत. पूर्ण वेलीवर कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची हे दाखवणाऱ्या प्रात्यक्षिकाला मांडवाची रुंदी लागते. आडवे चित्रीकरण कापून ते उभ्या चौकटीत कोंबण्याऐवजी मोबाइल उभा धरून वेगळे चित्रित करावे आणि शॉर्टमधील संबंधित व्हिडिओच्या दुव्याने मूळ मुलाखतीशी जोडावे.