केसगळती आणि आहार

डोक्यावरील केस नेहमीपेक्षा अधिक संख्येने गळणे आणि त्या गळण्याचा अन्नातील काही घटकांच्या कमतरतेशी असलेला संबंध, हा या नोंदीचा विषय आहे. माणसाच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात आणि त्यांपैकी दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. फणीतील गुंतवळ रोज थोडी येणे हा रोग नव्हे. ती अचानक दुप्पट-तिप्पट होणे आणि काही आठवडे तशीच राहणे, यास केसगळती म्हणावे.

आहाराशी तिचा संबंध जोडण्याची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात क्षार आणि मीठ यांच्या अतिसेवनाने खालित्य म्हणजे टक्कल आणि पालित्य म्हणजे केस पिकणे हे विकार होतात, असे म्हटले आहे. चिकित्सास्थानात केस हे अस्थिधातूचा मल मानले आहेत. या ग्रंथाचे आजचे स्वरूप अनेक हातांतून घडले असल्याने त्याचा निश्चित काळ सांगणे कठीण असले, तरी त्याचा बराच भाग इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत सिद्ध झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मिठाविषयीच्या या विधानाला आधुनिक निरीक्षणांचा आधार मिळालेला नाही. मात्र केस हे शरीरातील पोषणक्रमाच्या अगदी शेवटच्या टोकाला येतात, ही केसांना धातूचा मल मानण्यामागील कल्पना आजच्या समजुतीपासून फार दूर नाही.

प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे संक्रमणात घालवतो, सुमारे तीन महिने विश्रांत अवस्थेत राहतो आणि मग गळतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांमुळे वाढीतील बरेच केस एकदम विश्रांत अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. या प्रकाराला अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिले. कारण आणि परिणाम यांत असे अंतर असल्यामुळेच लोकांचा तर्क चुकतो. नाशिकमध्ये पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूचा ताप आलेल्या व्यक्तीचे केस मार्गशीर्षाच्या सुमारास गळू लागतात, तेव्हा ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शॅम्पूला, बोअरच्या पाण्याला किंवा दिवाळीच्या फराळाला दिला जातो. अशी गळती मूळ कारण संपल्यावर बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते; त्या काळात जे काही खाल्ले जाते त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते. आहारविषयक अनेक दाव्यांची मुळे या योगायोगात आहेत.

कमतरतांपैकी लोहाचा विचार सर्वाधिक झाला आहे आणि वादही त्याच्याविषयीच अधिक आहे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरात सर्वांत वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्यांना नवा डीएनए तयार करण्यासाठी जे विकर लागते ते लोहावर चालते. त्यामुळे लोह कमी पडले की केसाची वाढ मंदावत असावी, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. पण ते पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. शरीरातील लोहाचा साठा रक्तातील फेरिटिन या प्रथिनावरून मोजतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता मानते. केसांसाठी मात्र किती फेरिटिन हवे, याविषयी एकमत नाही. रश्टन आणि रॅमसे यांनी १९९२ मध्ये, केसगळतीवर औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांचे फेरिटिन ४० च्या वर होते त्यांना अधिक गुण आल्याचे नोंदवले. २००६ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या तज्ज्ञांनी ते ७० च्या वर ठेवण्याची आपली पद्धत मांडली. याउलट सिंक्लेअर यांना २००२ मध्ये कमी फेरिटिन आणि केसगळती यांचा स्पष्ट संबंध दिसला नाही. ओल्सन आणि सहकाऱ्यांना २०१० मध्ये केस गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचे प्रमाण लक्षणीय वेगळे आढळले नाही. या मतभेदातून काढता येण्याजोगा सावध निष्कर्ष असा, की फेरिटिन १५ च्या खाली असल्यास ते भरून काढावेच, १५ ते ४० च्या दरम्यान असून विखुरलेली केसगळती असल्यास भरून पाहणे रास्त आहे, आणि त्यापुढे ७० चा आकडा गाठण्यासाठी गोळ्या घेत राहण्यास पुरेसा पुरावा नाही. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटे वाढते, म्हणून ही तपासणी दुखणे उतरल्यावर काही आठवड्यांनी करावी.

हिमोग्लोबिन व्यवस्थित आहे म्हणजे लोह पुरेसे आहे, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. साठा रिकामा होतो तो आधी, हिमोग्लोबिन उतरते ते नंतर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. साठा रिकामा असूनही हिमोग्लोबिन टिकून असलेल्या स्त्रिया या आकड्यात धरलेल्या नाहीत.

अशाच एका स्त्रीचे काल्पनिक पण प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. नाशिकमधील २८ वर्षांची शाकाहारी स्त्री, वजन ५२ किलो, मासिक पाळीत स्राव मध्यम, चार महिन्यांपासून सर्व डोक्यावरून केस गळतात, हिमोग्लोबिन १२.४ आणि फेरिटिन ९. फेरिटिनचा एक मायक्रोग्रॅम म्हणजे साठ्यातील सुमारे ८ मिलिग्रॅम लोह, असा ढोबळ हिशेब आहे. ९ वरून ४० पर्यंत जायचे तर सुमारे २५० मिलिग्रॅम लोह साठ्यात जायला हवे. भाकरी, वरण, भाजी अशा जेवणातून तिला दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह मिळते असे धरले आणि त्यातील सुमारे ८ टक्के शोषले गेले, तर अंगी लागते ते १.४ मिलिग्रॅम. पाळी आणि नित्याची झीज मिळून रोज सुमारे १.३ मिलिग्रॅम खर्च होतात. उरतो तो एक दशांश मिलिग्रॅम, आणि या गतीने साठा भरण्यास सहा-सात वर्षे लागतील. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू वाढवून आणि चहा जेवणापासून किमान तासभर दूर ठेवून शोषण रोज १.८ मिलिग्रॅमपर्यंत नेले, तरी दीड वर्ष जाईल. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती एक दिवसाआड घेतली आणि त्यातील १५ टक्के शोषले गेले, तर दोन दिवसांत ९ मिलिग्रॅम मिळतात आणि हे काम दोन महिन्यांत होते. साठा भरत जातो तसे शोषण कमी होत असल्याने प्रत्यक्षात तीन ते चार महिने धरावेत. गोळी रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतून अधिक लोह शोषले जाते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी गेल्या दशकात दाखवले आहे. आहार साठा टिकवतो, रिकामा साठा भरून काढणे त्याला क्वचितच जमते, हा या हिशेबाचा अर्थ आहे.

याच हिशेबाने भिजवलेल्या काळ्या मनुकांचा विचार करता येतो. द्राक्षांच्या या जिल्ह्यात तो उपाय घरोघरी सांगितला जातो. दहा मनुकांत एक मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते आणि त्याचा दहावा भागही अंगी लागेल याची खात्री नसते. मनुका खाण्यात गैर काही नाही, पण त्या भरवशावर तपासणी लांबवू नये. मिसळीतील मोड आलेली मटकी याहून उपयोगी ठरते, कारण मोड आणल्याने लोह आणि जस्त यांना अडवून धरणारे फायटेट कमी होते आणि वर पिळलेले लिंबू शोषण वाढवते. तिच्यापाठोपाठ लगेच घेतलेला चहा मात्र हा लाभ बराचसा काढून घेतो.

प्रथिनांची कमतरता केसांवर उमटते, हे कुपोषित बालकांच्या विरळ, तांबूस केसांवरून फार पूर्वीच लक्षात आले होते. प्रौढांत ती दिसते ती बहुधा वजन झपाट्याने उतरवण्याच्या प्रयत्नांत; असे रुग्ण गोएट आणि ओडम यांनी १९७६ मध्ये नोंदवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे वरील स्त्रीला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर घट्ट वरण, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, दही आणि तीन-चार भाकऱ्या यांतून ती बहुतांशी मिळतात, म्हणून सर्वसाधारण जेवण जेवणाऱ्यास प्रथिनांच्या पावडरीने केसांचा लाभ होत नाही. श्रावणी सोमवारचा किंवा वणीच्या देवीचा नवरात्रातील उपवास केसांना अपाय करत नाही. मात्र साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. लग्नापूर्वी वजन उतरवण्यासाठी महिनोनमहिने साबुदाणा, फळे आणि चहा यांवर राहिल्यास दोन-तीन महिन्यांनी त्याचा परिणाम दिसतो.

जस्ताच्या तीव्र कमतरतेत केस गळतात हे निर्विवाद आहे. ॲक्रोडर्माटायटिस एंटेरोपॅथिका या आनुवंशिक विकारात जस्त दिल्यावर त्वचा आणि केस पूर्ववत होतात, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. सौम्य कमतरता ओळखणे अवघड आहे, कारण रक्तातील जस्ताची पातळी जेवण, वेळ आणि संसर्ग यांनुसार बदलते. प्रौढ स्त्रीची गरज सुमारे १३ मिलिग्रॅम आहे. ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या अनेक महिने घेतल्यास तांब्याचे शोषण अडते आणि त्यातून रक्तक्षय उद्भवू शकतो.

बायोटिनचा गाजावाजा सर्वाधिक आहे आणि आधार सर्वांत थोडा. त्याची खरी कमतरता कच्च्या अंड्याचा पांढरा भाग दीर्घकाळ खाणे, काही आनुवंशिक विकार आणि अपस्माराची काही औषधे अशा मोजक्या स्थितींतच आढळते. २०१७ च्या एका आढाव्यात बायोटिनने गुण आलेले जे १८ रुग्ण सापडले, त्या सर्वांना असा काही मूळ विकार होता. दिवसाची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास असताना बाजारातील गोळ्यांत १०,००० मायक्रोग्रॅम असतात. इतक्या मात्रेने थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासण्या चुकू शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. केसगळतीत थायरॉईडची तपासणी सहसा केली जात असल्याने, ती गोळी किमान दोन दिवस आधी बंद ठेवून करावी.

कमतरतेप्रमाणे अतिरेकानेही केस गळतात. ‘अ’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांच्याबाबत हे निश्चित आहे. अमेरिकेत २००८ मध्ये चुकीच्या प्रमाणात सेलेनियम पडलेल्या एका पूरक द्रवामुळे अनेकांचे केस गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात २०२४ च्या अखेरीस काही गावांत थोड्या दिवसांत टक्कल पडल्याचे प्रकार घडले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. ते मत विचारात घेण्याजोगे आहे.

कोणतीही कमतरता भरून काढण्यापूर्वी गळती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे लागते. सुमारे ६० केसांची बट हलक्या हाताने ओढल्यावर सहाहून अधिक केस हाती आले आणि त्यांच्या टोकाला पांढरी गाठ असली, तर ती बहुधा विश्रांत अवस्थेतील गळती होय. गुंतवळ फारशी न येता भांग रुंदावत असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असण्याचा संभव अधिक; त्यात लोह भरून काढले तरी भांग अरुंद होत नाही आणि मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा विचार करावा लागतो. पहिल्या प्रकारात उपचार सुरू झाल्यावर गळती कमी होण्यास तीन महिने आणि कपाळाच्या कडेने आखूड नवे केस दिसण्यास आणखी काही काळ लागतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने ३० सेंटिमीटरच्या वेणीची जाडी पूर्ववत व्हायला अडीच वर्षे जातात.