अंकल-आंटीचं मराठी: काका, मामा, मावशी आणि मधे अडकलेली काकू

मध्यंतरी एका लहान मुलांच्या इंग्रजी गोष्टीचं मराठी करत होतो. सोसायटीत राहणारी सात-आठ वर्षांची मुलगी, घराला कुलूप, आई अजून आलेली नाही, मग ती दुसऱ्या मजल्यावरच्या आंटीकडे जाऊन बसते आणि ती आंटी तिला पोहे देते. मी सरळ लिहिलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी तिला पोहे दिले." शब्द गोड, मराठी, काही प्रॉब्लेम नाही असं वाटलं. वाचून बघणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ही बाई त्या घरात स्वयंपाकाला येते का? आणि मी गप्पच झालो, कारण वाचणाऱ्या दहातल्या सहा जणांना तसंच वाटणार होतं.

असं का होतं ते बघायला जरा मागे जावं लागतं, आणि आधी इंग्रजीतच. आपण नेहमी म्हणतो की इंग्रजांना नाती कळत नाहीत, सगळ्यांना एकच अंकल. पण जुन्या इंग्रजीत चार वेगळे शब्द होते, आईचा भाऊ वेगळा, बापाचा भाऊ वेगळा, आईची बहीण आणि बापाची बहीण पण वेगळ्या, म्हणजे अगदी आपल्यासारखंच. 1066 मधे नॉर्मन लोक इंग्लंडात आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून पुढे अंकल आणि आंट आले, त्यांनी हळूहळू ते चारही शब्द बाजूला सारले. आता गंमत बघा, अंकलचं मूळ लॅटिनमधे आवुंकुलुस, म्हणजे फक्त आईचा भाऊ, आणि आंटचं मूळ आमिता, म्हणजे फक्त बापाची बहीण. थोडक्यात शब्दाच्या मुळाशी गेलं तर अंकल म्हणजे मामा आणि आंटी म्हणजे आत्या! पण रस्त्यावरच्या अनोळखी बाईला "ओ आत्या" म्हणून बघा, ती मागे वळून दुसऱ्या कुणाला हाक मारली का ते बघेल.

आत्या का चालत नाही आणि मावशी का चालते, याचं उत्तर गावात सापडतं. गावात हाका नुसत्या वयावरून मारत नाहीत, माणूस कुठल्या बाजूने आपला लागतो त्यावरून मारतात. गावात जन्मलेली लेक म्हणजे पुढच्या पिढीची आत्या. गावात लग्न करून आलेली ती चुलती, काकू किंवा काकी. आणि आईच्या माहेरगावचा कुणीही बाप्या असला, अगदी वेगळ्या आळीतला, वेगळ्या जातीतला, तरी तो मामा आणि तिथली बाई मावशी. म्हणजे काका आणि आत्या भावकीतले, वाटणी, बांध, मानपान सगळं त्यांच्याशी. आत्याला तर बारशात मान, नाव तीच ठेवणार, आणि जिथे मामाची मुलगी करायची पद्धत आहे तिथे तर सुनेची सासू म्हणजे तिची आत्याच, म्हणून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायची रीत पडली. इरावती कर्व्यांनी 1953 च्या नातेव्यवस्थेवरच्या पुस्तकात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात टाकलंय, त्यामागे या मामाच्या मुलीशी होणाऱ्या लग्नाचा मोठा वाटा आहे. एवढं वजन असलेला शब्द बसमधल्या अनोळखी बाईला कोण लावणार.

मामा-मावशीशी मात्र बांधाचं भांडण नाही, तिथे नुसते लाड. माय मरो पण मावशी उरो असं आपण म्हणतो, मग परक्या माणसाला पटकन जवळ आणायचं तर आईकडचं नातंच कामी येतं. बाजारात भाजीवाली मावशी, कोल्हापूर-सोलापूरकडे रस्ता विचारताना "ओ मामा", चौकातला पोलीस मामा. (फसवलं की 'मामा बनवला' म्हणतो तेही बहुतेक मामाच्या याच भोळ्या प्रेमामुळे असावं, हा माझा अंदाज.)

मग शहर आलं आणि सगळं बिघडलं म्हणा किंवा बदललं म्हणा. शहरात कोण कुठल्या गावचं हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे बाजू गेली आणि तिच्या जागी परिस्थिती आली. दवाखान्यातली आया मावशी, शाळेतली शिपाईबाई मावशी, धुणं-भांडीवाली मावशी. आणि शेजारच्या फ्लॅटमधली, जिच्याकडे विरजण मागायला जातो, ती काकू. कोकणात आणि मुंबईच्या चाळीत काकी. दोघींचं वय पन्नास, दोघी साडीत, पण एक मावशी आणि एक काकू, आणि हे आपण पोरांना कधी शिकवत नाही, ती आपोआप शिकतात. पुरुषांच्या बाबतीत एवढी कडक रेघ नाही, रिक्षावाले पण काका, वरच्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले पण काका.

आंटी शब्द यात नंतर घुसला, इंग्रजी शाळा आणि फ्लॅट यांच्याबरोबर. त्याची सोय हीच की मावशी की काकू हे ठरवावंच लागत नाही. पण मुंबईत त्याला आधीपासून एक वेगळा वास होता, 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि घरात चोरून दारू विकणाऱ्या बाईला आंटी म्हणायला लागले, आंटीचा अड्डा म्हटलं की जुन्या मुंबईकराला काय ते कळतं. त्या काळातली गोष्ट भाषांतराला आली तर ती आंटी आंटीच ठेवायची, काकू केली की सगळं मुसळ केरात.

अजून दोन खाचखळगे आहेत. एक जोडीचा. वरचे अंकल-आंटी जोडीने आले तर काका-काकूच करावं लागतं, कारण सख्ख्या मावशीचा नवराही काकाच, आणि अनोळखी मावशीला तर नवराच नसतो, म्हणजे भाषेत नसतो. दुसरा हाकेचा. सख्ख्या मावशीला आपण "अगं मावशी" म्हणतो, परकीला "ओ मावशी". सख्खा मामा "ए मामा", परका "ओ मामा". इंग्रजीत हे दिसतच नाही, पण मराठीत त्या एका ओ वरून वाचणाऱ्याला कळतं की नातं रक्ताचं नाही. परकीला "अगं मावशी, तू" केलंत तर एकतर ती घरची होते नाहीतर बोलणारा उर्मट.

वयाचं वेगळंच. पस्तिशीच्या बाईला कुणी आंटी म्हटलं की ती चिडते, आणि काकू म्हटलं तर जास्त चिडते कारण काकूच्या मागे काकूबाई उभी असते. तिथे ताई.

तर त्या गोष्टीत शेवटी दुसऱ्या मजल्यावर काकू आल्या. वॉचमन अंकलचे वॉचमन काका केले. एक आंटी तेवढी खरंच मावशी झाली, गेटजवळ गजरे विकणारी, आणि पोरगी तिला म्हणते, "ओ मावशी, आई दिसली का माझी?" मैत्रिणीने यावेळी काही विचारलं नाही.