पेन्शन विकावी का? नऊ टक्के आणि बाराव्या वर्षाचं गणित

केंद्र सरकारच्या नोकरीतून साठाव्या वर्षी निवृत्त होताना माझ्या मामांनी कागदावर दोन आकडे लिहिले होते. हातात मिळणार १९ लाख ६६ हजार, पंधरा वर्षांत कापले जाणार ३६ लाख. "म्हणजे सोळा लाखांना बुडालो," ते म्हणाले आणि पेन्शन न विकण्याच्या विचारात होते. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवताच येत नाहीत, हे त्यांना पटवायला आमची एक संध्याकाळ गेली. ते गणित इथे मांडतो.

नियम असा. जुनी पेन्शन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ पेन्शनीच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला विकता येतो. कागदोपत्री याला अंशराशीकरण म्हणतात, बोलताना सगळे 'पेन्शन विकणं'च म्हणतात. विकलेल्या भागाची वर्षभराची रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायची. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस एकसष्टावा, म्हणून त्याला ८.१९४ हा गुणक लागतो. मामांची मूळ पेन्शन ५०,००० रुपये. त्यातले २०,००० विकले, तर वर्षाचे २,४०,००० गुणिले ८.१९४, म्हणजे १९,६६,५६० रुपये एकरकमी. त्या बदल्यात दरमहा २०,००० कमी मिळणार. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होते. ही पंधरा वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालातून आली.

आता याच व्यवहाराकडे दुसऱ्या बाजूने बघा. कुणीतरी आज मला १९.६६ लाख देतो आणि मी १८० महिने, महिना २०,००० परत करतो. हे तर सरळ कर्ज झालं आणि कर्जाला व्याजदर असतो. तो काढायला स्प्रेडशीटमध्ये एकच ओळ पुरते:

```
=RATE(180,-20000,1966560)*12
```

उत्तर येतं सुमारे ९.०५ टक्के. हाच समतोल दर. माझ्या हातातला पैसा, सगळी कापाकापी जाऊन, पंधरा वर्षं सलग याहून जास्त वाढणार असेल तर विकणं फायद्याचं. कमी वाढणार असेल तर तोट्याचं. मामांचे 'बुडालेले' सोळा लाख म्हणजे पंधरा वर्षांचं व्याज, घरकर्जाच्या हप्त्यांत असतं तसंच.

एक गोष्ट या हिशोबाला सोपं करते आणि बरेच जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. महागाई भत्ता विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनीवर मिळतो. विकलेल्या भागावरचा भत्ता जात नाही. म्हणून कपात पंधरा वर्षं २०,००० वरच थांबते, वाढत नाही, आणि तिची तुलना बँकेच्या नेहमीच्या व्याजदराशी थेट करता येते. भत्ताही कापला गेला असता, तर समतोल दर कितीतरी वर गेला असता.

आता ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला होता. तो नऊच्या खाली आहे, शिवाय त्या व्याजावर कर लागू शकतो. मग विकू नये असंच ना? इथेच बहुतेकांचं गणित अर्धवट सुटतं, कारण हे साधं कर्ज नाही. कर्जदार मेला तर हे कर्ज माफ होतं. पेन्शनर दहाव्या वर्षी गेला, तर उरलेली कपात कुणाकडून वसूल होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनातूनही ती कापली जात नाही; विधवेला ते पूर्ण, जणू पेन्शन विकलीच नव्हती असं मिळतं. म्हणजे या नऊ टक्क्यांत विम्याचा हप्ताही आहे.

तेव्हा प्रश्न उलटा विचारायचा. मी पैशावर ७ टक्के मिळवू शकतो असं धरलं, तर किती महिने जगलो की दोन्ही पर्याय सारखे होतात?

```
=NPER(7%/12,-20000,1966560)
```

उत्तर १४६ महिने आणि थोडे दिवस. म्हणजे बारा वर्षं दोन महिने. मामा ७२ वर्षं दोन महिन्यांच्या आधी गेले तर विकणं फायद्याचं ठरलं असतं, त्यानंतर जगले तर न विकणं. ६ टक्के धरले तर ही सीमा अकरा वर्षं चार महिन्यांवर येते, ८ टक्के धरले तर तेरा वर्षं चार महिन्यांवर जाते. व्याज अजिबात धरलं नाही तरच ती आठ वर्षं दोन महिने. 'आठ वर्षांत सरकारचं वसूल होतं, पुढे लूट' ही तक्रार याच शून्य व्याजाच्या हिशोबातून येते.

साठीला पोचलेला भारतीय माणूस सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो. ते बारापेक्षा जास्त, म्हणून विकू नये, असं उत्तर मात्र घाईचं होईल. सरासरीत नव्वदी गाठणाराही मोजला जातो, पण या व्यवहारात त्याची पंधराव्या वर्षानंतरची वर्षं मोजायचीच नाहीत, कारण कपात तिथे संपते. ७ टक्के धरले तर शंभरी गाठणाऱ्याचा तोटाही आजच्या किमतीत सुमारे २ लाख ५८ हजारांवर थांबतो. उलट पाचव्याच वर्षी गेलेल्याच्या कुटुंबाला साडेनऊ लाखांचा फायदा होतो. तोट्याला छत आहे, म्हणून एका सरासरी वयावरून निकाल लावू नये. प्रत्येक वर्षी मरण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

याला एक सुंदर सोपी वाट आहे. दरवर्षी ठरावीक टक्के माणसं जातात असं धरलं, तर ते टक्के समतोल दरातून वजा केले की झालं. समजा या वयोगटात दर शंभरांतले दोन जण दरवर्षी जातात. मग समतोल दर ९ वजा २, म्हणजे साधारण ७ टक्के. खऱ्या आयुष्यात हे प्रमाण साठीला कमी असतं आणि पंचाहत्तरीकडे वाढत जातं, म्हणून हा अंदाजच. पण स्वतःच्या प्रकृतीचं वजन किती, हे त्यातून लगेच कळतं. मधुमेह, हृदयविकार असलेल्याला हा दर आणखी खाली येतो. ठणठणीत माणसाला तो आठाच्या पुढे राहतो.

कराचा मुद्दा थोडक्यात. सरकारी कर्मचाऱ्याला मिळणारी एकरकमी रक्कम करमुक्त असते, दरमहाची पेन्शन नसते. ज्याचा शेवटचा रुपया २० टक्क्यांच्या टप्प्यात जातो, त्याचे खरे १६,००० च कमी होतात आणि समतोल दर, मृत्यू न धरताही, साडेपाचच्या आसपास येतो. करच लागत नसेल तर हा फायदा नाही.

कर्मचारी संघटना कपात बारा वर्षांवर आणा असं म्हणतात, त्या मागणीचं मोजमापही याच पट्टीने करता येतं. वरच्या ओळीत १८० ऐवजी १४४ लिहिलं की दर ६.८ टक्क्यांवर येतो. तीन वर्षांच्या फरकाने व्याज सव्वादोन टक्के हलतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, नंतर लागते. कारण उघड आहे: थांबू दिलं, तर स्वतःची तब्येत ढासळलेली पाहूनच लोक विकायला येतील आणि ठरवलेला गुणक सरकारला महागात पडेल. मामांची बायपास निवृत्तीच्या आधीच झालेली होती, आणि घरावरचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी चालू होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सोळा लाखांवर काट मारली आणि अर्जात पूर्ण ४० टक्के लिहिले.