परदेशात पीएचडीसाठी रायटिंग सॅम्पल: प्रबंधातलं कुठलं प्रकरण द्यायचं आणि वीस पानांत कसं बसवायचं

दरवर्षी गणपती झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातनं फोन यायला लागतात. इतिहास, मराठी, इंग्रजी, तत्त्वज्ञान असे विषय घेऊन एम.ए. झालेली मुलं, अमेरिकेतल्या पीएचडीला अर्ज करायचाय म्हणतात. मार्कशीट, तीन शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा, स्टेटमेंट ऑफ पर्पज हे सगळं धावपळ करून जमतंच. जीआरई आता मानव्यविद्यांच्या बऱ्याच विभागांनी काढून टाकलीये, ती लागते का ते विभागाच्या पानावर बघून घ्या. अडतं ते रायटिंग सॅम्पलपाशी, आणि नकार आलेल्या ज्या फायली मी नंतर उघडून बघितल्या त्यात बहुतेक वेळा मोठा घोळ तिथेच होता.

मुळात हा कागद आपल्याकडे कोणाजवळ तयार नसतोच. त्यांना हवा असतो एक सलग लेख, साधारण पंधरा ते पंचवीस पानांचा, डबल स्पेसिंगमधला, ज्यात तुम्ही एक प्रश्न घेतलाय, मूळ साधनं स्वतः वाचलीत आणि त्यातनं स्वतःचं म्हणणं मांडलंय. आपल्याकडे एम.ए. संपताना हातात काय असतं, तर परीक्षेच्या उत्तरपत्रिका, त्या पण परत मिळत नाहीत, आणि असलाच तर एक प्रबंध, प्रस्तावना-पूर्वसाहित्याचा आढावा-संशोधनपद्धती-विश्लेषण-निष्कर्ष अशा ठरलेल्या साच्यातला. मुलं काय करतात, प्रबंधाची पहिली वीस पानं कापून पीडीएफ करतात आणि टाकून देतात. पहिल्या वीस पानांत असतं काय? आभार, कोकणचा भूगोल, पावसाचं प्रमाण, आणि आधी कोण काय म्हणाले. वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमचं स्वतःचं वाक्य सापडतच नाही, आणि तो पुढच्या फायलीकडे जातो. चार-सहा जागांसाठी शेकड्यांनी अर्ज आलेले असतात, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण आपल्या विद्यापीठांनी दोन वर्षांत एकदासुद्धा स्वतंत्र निबंध लिहून घेऊ नये याचा राग मात्र मला येतो, भुर्दंड मुलांना पडतो.

निवड कशी करायची ते देवगडकडच्या एका मुलीच्या उदाहरणावरनं सांगतो, तिच्या परवानगीने. तिचा प्रबंध मराठीत, खोती पद्धतीवर. थोडक्यात, खोत सरकारात ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडनं पिकाचा वाटा घ्यायचा, कुठे अर्धेल म्हणजे निम्मा, कुठे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. 1880 चा खोती कायदा आला, शेवटी 1949 च्या कायद्याने खोती गेली. प्रकरणं पाच. ती म्हणाली चौथं देते, त्यात 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलेलं खोती रद्द करण्याचं बिल आहे, मोठं नाव आहे, तिकडचे लोक ओळखतील. मी चौथं प्रकरण वाचलं, नीट लिहिलेलं होतं, पण सगळं छापील पुस्तकांवरनं. आणि तिसऱ्या प्रकरणात तीन कबुलायती होत्या, कुळाने खोताला लिहून दिलेल्या, मोडीत, गावातल्या घरांतनं मिळालेल्या, तिने स्वतः लिप्यंतर केलेल्या. त्यात पिकाचा हिस्सा पायली-पायलीने लिहिलाय, पण वेठ, म्हणजे खोताच्या घरी फुकट राबणं, तिथे फक्त एकच शब्द, “रिवाजाप्रमाणे”. तिचं म्हणणं असं की कायद्यानंतर हिस्सा कागदावर बांधला गेला तसं बाकीचं ओझं या एका शब्दात लपवलं गेलं. हे म्हणणं बरोबर की चूक यावर कोणी वाद घालेल, घालू दे. वाद घालण्यासारखं काहीतरी त्या पानांत आहे, तीच पानं द्यायची. तिसरं प्रकरण ठरलं.

दुसरी गोष्ट बघितली ती स्टेटमेंटशी जुळतंय का. तिला पुढे ग्रामीण कागदपत्रं आणि कायद्याचा इतिहास यावर काम करायचंय, म्हणून जुळलं. स्टेटमेंट एका विषयाचं आणि सॅम्पल भलत्याच विषयाचं असं नसावं. विषय थोडा बदलला असेल तर चालतं, पण कुठल्या प्रकारची साधनं वाचता येतात ते तरी सॅम्पलमधनं दिसलंच पाहिजे. आणि दोघांनी मिळून लिहिलेला लेख देऊ नका, छापून आला असला तरी. त्यातलं तुमचं किती हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

आता कापाकापी. मर्यादा होती वीस पानं, डबल स्पेसिंग, बारा पॉइंट, तळटीपा धरून, संदर्भसूची सोडून. या शेवटच्या दोन अटी प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या असतात आणि इथेच लोक चुकतात. एक विभाग तळटीपा मोजतो, दुसरा मोजत नाही, कोणी पानं सांगतं कोणी शब्द, इंग्लंडमध्ये काही ठिकाणी तर एका मोठ्या लेखाऐवजी दोन-दोन हजार शब्दांचे दोन निबंध मागतात. त्यामुळे आठ ठिकाणी अर्ज करणार असाल तर आठही पानं उघडून मर्यादा वहीत उतरवून घ्या आणि सगळ्यात कडक मर्यादेची एक प्रत आधी बनवा, मोठी नंतर.

डबल स्पेसिंगच्या एका पानात साधारण 280 इंग्रजी शब्द बसतात, म्हणजे वीस पानं म्हणजे 5,600 च्या आसपास. हिचं प्रकरण होतं नऊ हजार शब्दांचं, आणि ते मराठी. मराठीचं इंग्रजी केलं की शब्द वाढतात, “घरातल्यांनी” या एका शब्दाला तिकडे चार लागतात. माझ्या अनुभवात हजाराचे साडेबाराशे-तेराशे होतात. म्हणून आधी मराठीत कापायचं आणि मगच भाषांतर करायचं, नाहीतर जे फेकायचंय त्याचं भाषांतर करण्यात दिवाळीची सुट्टी संपते. म्हणजे मराठीत तिला साडेचार हजारांच्या आत यायचं होतं, निम्मं.

पहिला हात घातला तो सुरुवातीच्या 1,900 शब्दांना, खोतीचा सगळा इतिहास. त्यातले 300 ठेवले, तिकडच्या वाचकाला खोत म्हणजे कोण, धारेकरी कोण, अर्धेल म्हणजे काय एवढं कळलं की पुरे. मग पूर्वसाहित्याचा आढावा, 1,500 शब्द, एकेका अभ्यासकाला एकेक परिच्छेद. त्याचा एकच परिच्छेद केला, 250 शब्दांचा, ज्यात फक्त ज्यांच्याशी ती वाद घालतेय तेवढेच राहिले, बाकीचे एका तळटीपेत. लांब अवतरणं 950 वरनं 350 वर आणली. कबुलायतीतलं अख्खं कलम द्यायची गरज नसते, ज्या शब्दावर बोट ठेवायचंय ती ओळ द्यायची आणि लगेच त्याच्यावर बोलायचं.

एवढं करूनही साडेपाच हजार उरले. अजून हजारभर जायला पाहिजेत आणि उरलेल्यात फालतू असं काही नाही. इथे बहुतेक मुलं काय करतात, प्रत्येक परिच्छेदातनं दोन-दोन वाक्यं काढतात. असं करू नका. त्याने सगळा लेख धापा टाकायला लागतो, युक्तिवादाचे सांधे निखळतात, “म्हणून” राहतं आणि “कारण” गेलेलं असतं. काढायचा तर एक अख्खा भाग काढायचा. तीन कबुलायतींपैकी तिसरी 1,650 शब्दांची होती, आणि नेमकी ती तिच्या आजीच्या ट्रंकेतली, पणजोबांच्या अंगठ्याची निशाणी असलेली. तिच्यातनं नवीन काही सिद्ध होत नव्हतं, दुसऱ्या कबुलायतीत दिसतं तेच परत दिसत होतं. ती गप्प बसली बराच वेळ, मी पण काही बोललो नाही. मग तिनेच तो भाग दुसऱ्या फाईलमध्ये उचलून ठेवला आणि मुख्य लेखात एक वाक्य घातलं की तिसऱ्या एका कागदातही हाच शब्द याच जागी येतो. आकडा आला 3,900.

मोकळ्या झालेल्या जागेत 300 शब्दांची नवीन सुरुवात लिहिली, कारण प्रबंधातलं प्रकरण “मागील प्रकरणात आपण पाहिले” असं सुरू होतं आणि वाचणाऱ्याच्या हातात मागचं प्रकरण नसतं. नवीन सुरुवात थेट “रिवाजाप्रमाणे” या शब्दावरनं, आणि पहिल्या दीड पानात प्रश्न, साधनं आणि तिचं म्हणणं तिन्ही आले. शेवटालाही असंच बघा, प्रकरण “पुढील प्रकरणात” म्हणत संपत असेल तर तो शेवट नव्हे. “वर नमूद केल्याप्रमाणे” असे शब्द सर्च करून एकेक बघा, ज्याचा वर उल्लेख होता ते आता कापलेलं असतं.

सगळं मिळून 4,200, इंग्रजीत झाले 5,400 च्या जवळ. वरती चार ओळींची नोंद दिली: हा मजकूर मराठीतल्या एम.ए. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातनं संक्षेप केलेला आहे, प्रबंध कशावर आहे, काय वगळलंय, मोडीचं लिप्यंतर आणि सगळं भाषांतर माझं. ही नोंद द्यायला लाजू नका, माफी मागितल्यासारखी लिहू पण नका. अशी नोंद घालायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, काही विभाग तर स्वतःच मागतात. न दिल्यास लेख अर्धवट वाटतो आणि तुम्ही मोडी वाचता ही सगळ्यात जमेची गोष्ट कोणाला कळतच नाही.

मर्यादेत बसवायला फॉन्ट अकराचा करणं, समास कमी करणं, अर्धा लेख तळटीपांत ढकलणं, हे कृपया करू नका. आयुष्यभर विद्यार्थ्यांचे पेपर तपासलेल्या माणसाला ते पान बघताक्षणी समजतं. आणि बाविसावं पान वाचायला कोणी बांधील नसतं, तुमचा निष्कर्ष तिथे असला तर तो गेला.

पीडीएफ करताना फॉन्ट एम्बेड झालाय ना बघा, देवनागरीचे चौकोन झालेले मी बघितलेत. मोडी कागदाचा फोटो टाकायचा तर एकच, तोही लहान करून, पोर्टलला फाईलच्या साईजची मर्यादा असते. फाईल अपलोड झाली की प्रीव्ह्यू उघडून पानं परत मोजा.

आणि तारीख. 15 डिसेंबर लिहिलं असेल तर ते त्यांच्या घड्याळाचं असतं. रात्री 11:59 ईस्टर्न टाइम म्हणजे आपल्याकडे 16 तारखेच्या सकाळचे 10:29. पण काही ठिकाणी संध्याकाळी पाच असतं, ते आपल्याकडे पहाटे साडेतीन, आणि “अजून आजचा दिवस आहे” म्हणत झोपलेल्या एका मुलाचा अर्ज असाच गेलाय, वर्षभराची मेहनत. हिने तेरा तारखेच्या दुपारी, लाईट आहेत तोवर, तालुक्याला मावशीकडे जाऊन सबमिट केलं आणि पावतीची ईमेल आल्यावरच घरी जायची एसटी पकडली.