वास सोड्याने जातो, बुरशी नाही

जूनमध्ये शाळा उघडते तसा फोंड्यात पाऊसही लागतो. मुलीच्या डब्याला आणि बाटलीला दोन्हीला वास यायला लागला तेव्हा मी दोन्हींत रात्रभर खाण्याचा सोडा घालून ठेवला. डबा सुधारला. बाटलीचा वास चार दिवसांत परत आला, कारण तिथे नुसता वास नव्हताच, बुरशी धरली होती.

डब्यातला वास म्हणजे मुरलेलं जेवण. तळलेल्या सुंगटांचं तेल, कांदा-लसूण प्लास्टिकमध्ये आणि झाकणाच्या रबरात शिरतं. म्हणून आधी तेल काढायचं: गरम पाणी, भांड्यांचा साबण. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवायचं. हळदीचा पिवळा डाग राहिला तरी बिघडत नाही, उन्हात तो फिकट होतो. (ऊन मिळालं तर!)

बुरशी जिवंत असते आणि तिला ओल व कपार लागते. बाटलीच्या आतल्या भिंतीपेक्षा ती झाकणाच्या रिंगमागे, स्ट्रॉमध्ये आणि चोखायच्या तोटीखाली सापडते. ओल्या गोणपाटासारखा मातकट वास आला की रिंग काढा. आम्ही चमच्याच्या दांड्याने उचकटतो, सुरीने रिंग कापली जाते. खालची काळी घाण पांढऱ्या फडक्याला लागली तर ती बुरशीच समजा.

इथे आधी घासणं महत्त्वाचं. साबण आणि बारीक ब्रशने रिंग, खाच आणि स्ट्रॉ घासा, मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तासभर बुडवा, पुन्हा घासून भरपूर पाण्याने धुवा. घरचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर यासाठी नको. त्याचा स्वतःचाच वास मागे राहतो, ते शागुतीला ठेवा. रिंग सिलिकॉनची असेल तर दहा मिनिटं उकळताही येते. प्लास्टिकची बाटली मात्र उकळू नका.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून येणारा फेस पाहून बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. उरतं ते जवळपास साधं खारट पाणी. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

घासून, उकळूनही काळे ठिपके राहिले किंवा वास परत आला, तर बुरशी रबरात आत गेलेली असू शकते. मग रिंग बदलायची, आणि नुसती रिंग मिळत नसेल तर झाकणच बदलायचं. आमच्या बाटलीचं तेच झालं.

आता मुलगी शाळेतून आली की बाटलीचे सुटे भाग धुऊन रात्री पंख्याखाली पसरतो. जुलैत रिंग सकाळीही ओलसरच लागते, म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून देतो.