लॉरेन्झ वक्र : आकृतीविना वाचन

उत्पन्न, खर्च किंवा जमीन लोकसंख्येत किती असमान विभागली गेली आहे हे दाखवणारी रेषा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी ती १९०५ साली मांडली. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ व १९१४ मधील लेखनातून विषमतेचे जे एकेरी माप रूढ केले, त्याला मराठीत गिनी गुणांक म्हणतात. पाठ्यपुस्तकांत हे माप बहुधा आकृतीवरूनच समजावले जाते. त्यामुळे झेरॉक्स प्रतीत आकृती काळवंडली, किंवा अहवालात केवळ तक्ताच छापला गेला, तर वाचक अडतो. वस्तुतः आकृतीत असलेली सर्व माहिती तक्त्यातच असते आणि तिच्यापर्यंत पोचायला बेरीज व वजाबाकी पुरते.

कुटुंबे सर्वांत गरिबापासून सर्वांत श्रीमंतापर्यंत चढत्या क्रमाने उभी करावीत आणि प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारावेत : आतापर्यंत एकूण कुटुंबांपैकी किती टक्के मोजून झाली, आणि एकूण उत्पन्नापैकी किती टक्के त्यांच्या वाट्याला आले. पहिले उत्तर आडव्या अक्षावर आणि दुसरे उभ्या अक्षावर घेतले की एक बिंदू मिळतो, व असे बिंदू जोडले की वक्र तयार होतो. सर्वांचे उत्पन्न सारखे असते तर वीस टक्के कुटुंबांकडे वीस टक्के आणि साठ टक्क्यांकडे साठ टक्के उत्पन्न आले असते. ही झाली समतेची तिरकी रेषा. खरा वक्र तिच्याखाली झोळीसारखा लोंबतो, आणि झोळी जितकी खोल तितकी विषमता अधिक.

पेडणे तालुक्यातील एका काल्पनिक वाड्यावर पाच कुटुंबे आहेत आणि त्यांचे मासिक उत्पन्न ८, १२, १५, २५ व ४० हजार रुपये आहे असे समजू. एकूण एक लाख होत असल्याने हजारांचे आकडे हेच टक्के ठरतात, आणि प्रत्येक कुटुंब म्हणजे लोकसंख्येचा वीस टक्के भाग. टप्प्याटप्प्याने बेरीज केली तर ८, २०, ३५, ६० आणि १०० असे संचयी वाटे येतात. समतेच्या रेषेवर हेच वाटे २०, ४०, ६०, ८० आणि १०० असते. दोन्हींतील तूट अनुक्रमे १२, २०, २५ आणि २० आहे, तर शेवटच्या बिंदूवर ती शून्य होते. तुटींची बेरीज ७७ भरते. प्रत्येक पट्टीची रुंदी ०.२ असल्याने रेषा व वक्र यांमधले क्षेत्रफळ ०.२ × ०.७७ म्हणजे ०.१५४ होते. समतेच्या रेषेखालच्या पूर्ण त्रिकोणाचे क्षेत्रफळ ०.५ असते, म्हणून गिनी गुणांक ०.१५४ ÷ ०.५ = ०.३०८. गणित बरोबर आहे का हे दुसऱ्या वाटेनेही पाहता येते : पाच कुटुंबांच्या दहा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीतील उत्पन्नाच्या फरकांची बेरीज १५४ हजार येते. तिला कुटुंबांच्या संख्येचा वर्ग (२५) आणि सरासरी उत्पन्न (२० हजार) यांच्या गुणाकाराने भागले की पुन्हा ०.३०८ मिळतात. या दुसऱ्या रीतीत वक्राची गरजच पडत नाही.

सर्वांत मोठी तूट कुठे पडते हे तक्त्यात विशेष पाहण्यासारखे असते. वरच्या उदाहरणात ती साठ टक्क्यांवर, २५ इतकी आहे. तिसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न सरासरीपेक्षा कमी आणि चौथ्याचे अधिक असल्यामुळे तूट तिथवर वाढत जाते व पुढे आटते. सगळ्यांना सारखे करायचे झाले तर सरासरीवरच्या दोन कुटुंबांकडून ५ आणि २० हजार, म्हणजे नेमके २५ हजारच उचलून खालच्या तिघांना द्यावे लागतील. गुणांकापेक्षा हा आकडा सामान्य वाचकाला लवकर कळतो, आणि तो अहवालांत क्वचितच दिला जातो ही खेदाची गोष्ट आहे.

आकृती नसताना खरा धोका असतो तो एकट्या गुणांकावर विसंबण्याचा. शेजारच्या वाड्यावर उत्पन्ने ४, १४, २०, २५ व ३७ हजार आहेत असे धरू. संचयी वाटे ४, १८, ३८ व ६३, तुटी १६, २२, २२ व १७, बेरीज तीच ७७. सरासरी तीच आणि गुणांकही तोच, तरी या वाड्यावरचे सर्वांत गरीब कुटुंब पहिल्या वाड्यावरच्या गरीब कुटुंबाच्या निम्म्यावर जगते. आकृतीत हे दोन वक्र एकमेकांना छेदताना दिसले असते. तक्त्यात तेच ओळखायचे तर संचयी वाटे शेजारी मांडून चिन्ह कुठे बदलते ते पाहावे : दुसरा वाडा वीस व चाळीस टक्क्यांवर मागे आहे, साठ व ऐंशी टक्क्यांवर पुढे, म्हणजे वक्र मधल्या पट्टीत छेदतात. असे झाले की कोणता वाडा अधिक विषम हे वक्र सांगू शकत नाही. गरिबांच्या स्थितीला किती वजन द्यायचे हे आधी ठरवावे लागते.

चुका बहुधा दोन प्रकारच्या होतात. पहिली क्रमाची. चढत्या क्रमात प्रत्येक नव्या गटाचा वाटा आधीच्या गटाहून कमी असूच शकत नाही. तसा दिसला, तर गट उत्पन्नाऐवजी तालुक्यांच्या किंवा अन्य कुठल्या क्रमाने मांडले गेले आहेत असे समजावे. क्रम पूर्ण उलटा झाला तर वरच्या उदाहरणात गुणांक उणे ०.३०८ येतो. दुसरी चूक गटांच्या संख्येची. पहिल्या वाड्यासाठी ‘खालच्या चाळीस टक्क्यांकडे वीस टक्के उत्पन्न’ एवढेच छापले असते, तर मधला एकच बिंदू हाती राहून गुणांक ०.२० निघाला असता, कारण गटाच्या आतली विषमता सरळ रेषेखाली दडते. म्हणून गटवारीवरून काढलेला आकडा ही खालची मर्यादा मानावी, आणि पाच गटांवरून काढलेला गुणांक दहा गटांवरच्या गुणांकाशी ताडून पाहू नये.

काय मोजले हेही तितकेच निर्णायक ठरते. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा उपभोग खर्च विचारला जातो, आणि वरचा वर्ग उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकत असल्याने खर्चाचा गुणांक सहसा उत्पन्नाच्या गुणांकाहून कमी असतो. गोव्यातील जमिनीच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पण जमीनधारकांचीच यादी घेऊन वक्र काढला तर ज्याच्या नावावर जमीन नाही असा मुंडकार त्यात येतच नाही. पहिल्या वाड्याचेच आकडे जमिनीचे वाटे आहेत असे मानून त्यात पाच भूमिहीन कुटुंबे मिळवली, तर वक्र पन्नास टक्क्यांपर्यंत आडव्या अक्षालगत सपाट जातो आणि मगच उचलतो. गुणांक भूमिहीनांचे प्रमाण अधिक उरलेल्यांच्या प्रमाणाला त्यांच्यातील गुणांकाने गुणून, म्हणजे ०.५ + ०.५ × ०.३०८ = ०.६५४ होतो. एकाही धारकाची जमीन इंचभरही हललेली नसताना आकडा दुपटीहून पुढे जातो, म्हणून जमिनीचा गुणांक वाचताना शून्य जमीन असलेली कुटुंबे मोजणीत धरली आहेत का हे तक्त्याच्या पहिल्याच ओळीत तपासावे लागते.